अंगदने माझ्या नावाने केलेला नवस

अंगद खोटं बोलतो. पण बोललेलं खोटं तो दिवस मावळायच्या आत खरं करून टाकतो. त्यामुळे त्याला खोटारडा म्हणता येत नाही आणि त्याच्याशी मैत्री ठेवणं अवघड होतं.

तो कृषी पदवी करत होता तेव्हा जालन्यात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. एकदा त्याला शनिवारी हसनाबादला घरी जायचं नव्हतं. शेतात फवारणी होती. त्याने घरी फोन केला की शौनकला ताप आलाय, त्याच्यापाशी थांबावं लागतंय. शौनक म्हणजे मी. मी अंगणात क्रिकेट खेळत होतो. फोन ठेवून तो खाली आला, माझ्या हातातली बॅट काढून घेतली आणि मला आत नेऊन झोपवलं. वर पांघरूण घातलं. आईला म्हणाला, "काकू, ह्याला मऊभात द्या. दुसरं काही देऊ नका." आईनेही दिला. मी दोन दिवस मऊभात खाल्ला. सोमवारी मला खरंच ताप आला.

पुढे मी मराठीत एम.ए. केलं आणि तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. अंगद एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत लागला. कंपनी शेतकऱ्यांकडून कपाशीचं आणि भाजीपाल्याचं बियाणं तयार करून घेते. भोकरदन भागातले प्लॉट अंगदकडे. सकाळी मोटारसायकलवर निघायचं, प्लॉट बघायचे, वेगळी दिसणारी झाडं उपटायला लावायची, क्रॉसिंगच्या, म्हणजे हाताने परागीकरण करणाऱ्या, बायकांशी हुज्जत घालायची, संध्याकाळी हसनाबादला घरी. त्याची बायको अर्पिता तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. त्याला आयुष्याकडून आणखी काही नको होतं. मला हे विचित्र वाटायचं. मला आयुष्याकडून बरंच काही हवं होतं आणि काहीच मिळत नव्हतं.

मग पोळ्याच्या आसपास त्याची कंपनी विकली गेली.

हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने ती घ्यायचं ठरवलं. पेपरात बातमी आली. त्याच दिवशी गोदामात सगळ्यांना बसवून मालकांनी सांगितलं की काहीही बदलणार नाही. मग पेढे वाटले.

"काही बदलणार न्हाई म्हणून कुणी पेढे वाटतं का?" अंगदने मला विचारलं. "गोदामातल्या प्रत्येकानं पेढा खाल्ला, हात पुसला आन् बायोडाटा शोधायला लागला."

अंगदची भीती साधी होती. हैदराबादच्या कंपनीचं बियाण्यांचं काम तेलंगणात चालतं. तिथे त्यांची माणसं आहेत. जालन्यातली माणसं एक तर जास्तीची ठरणार, नाही तर तिकडे पाठवली जाणार. तिकडे गेला तर अर्पिता इथे, तो तिथे. बदली मागायची तर तिची शाळा राज्याबाहेर जाणार नव्हती.

त्याच आठवड्यात पुण्याहून जान्हवी नावाच्या बाईंचा फोन आला. कंपन्यांना माणसं शोधून देणं हे त्यांचं काम. जालन्यातच कार्यालय असलेल्या एका भाजीपाला बियाणे कंपनीला उत्पादनासाठी माणूस हवा होता. अंगदला हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

तो तेव्हा मिरचीच्या शेडनेटमध्ये उभा होता. बाईंनी विचारलं, तुम्ही आता नोकरी का बदलताय?

अंगद म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं लग्न लागून राह्यलंय. मी वऱ्हाडात न्हाई, आंदणात आहे."

मग त्या म्हणाल्या, "आपण बुधवारी सकाळी व्हिडिओ कॉल करू. तेव्हा नीट सांगा."

हे त्याने मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. "अरे, त्या बाईंच्या हातात तुझी नोकरी आहे."

"म्हणून तर बुधवारी तू पायजे," तो म्हणाला. "तू शब्दातला माणूस. मला काय बोलायचं ते शिकव. आन् तसंही तुला यावंच लागतंय."

"का?"

"बुधवारी संकष्टी चतुर्थी आहे. मी सरांना सुट्टी मागितली. म्हणलं, मित्राला राजूरच्या गणपतीला न्यायचंय. त्याला गाडी चालवता येत न्हाई आन् त्याला नवस फेडायचाय."

"कुठल्या मित्राला?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माझा काही नवस नाही," मी म्हणालो.

"मंग कर."

मी म्हणालो की सुट्टी मिळाली, आता घरात बसून कॉल कर. देवाला कोण विचारतंय. तो दुखावला. सरांना राजूर सांगितलं आणि घरी बसलो तर ते खोटं होईल, म्हणाला.

बुधवारी आम्ही त्याच्या मेहुण्याची गाडी घेऊन निघालो. रस्त्यात मी जान्हवी झालो. मी इंटरनेटवर सगळं वाचून ठेवलं होतं.

"आताची नोकरी का सोडताय?"

"कारण मालकानं मला न विचारता मला विकलं."

"असं नाही म्हणायचं. आताच्या कंपनीला नावं ठेवायची नाहीत."

"मंग मालकानं मला विचारून विकलं?"

मी खिशातून कागद काढला. रात्री मी त्याच्यासाठी उत्तर लिहिलं होतं. 'स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या संस्थेत' अशी सुरुवात होती. अंगदने ते मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्याने गाडी बाजूला घेतली, कारण हसण्यामुळे त्याला रस्ता दिसत नव्हता. मी कागद घडी करून ठेवला. मग साधं सांगितलं. जेवढं जाहीर झालंय तेवढंच बोल. आतलं काही बोलू नको. रडू नको. तुला का जायचंय आणि आत्ताच का, एवढंच.

"आत्ताच का, हे महत्त्वाचं?"

"सगळ्यात महत्त्वाचं. नाही तर त्यांना वाटेल, बुडणाऱ्या नावेतून उडी मारतोय."

"नाव बुडून न्हाई राह्यली. नाव चांगली चालून राह्यली. फक्त नावाडी दुसरा आलाय आन् तो म्हणतो माझी माणसं मी आणलीत."

"हेच सांग. नाव सोडून."

राजूरला आम्ही वेळेच्या आधी पोचलो. गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत एका कडुलिंबाखाली गाडी लावली. नारळवाल्याने हाका मारल्या. तेवढ्यात पलीकडच्या पांढऱ्या गाडीतून आवाज आला. काचा खाली होत्या.

"बावीस वर्षं, मॅडम. बावीस! परवा तिकडची दोन पोरं आली. लॅपटॉपवर चौकटी दाखवल्या. नव्या कंपनीत कुणाच्या खाली कोण. मी माझं नाव शोधतोय. वर नाही. खाली नाही. मी विचारलं, मी कुठंय? तर म्हणाली, सर, ही फक्त कच्ची आखणी आहे."

अंगदने माझा दंड पकडला.

"कोण?" मी हळूच विचारलं.

"भालचंद्र सर."

भालचंद्र सर म्हणजे उत्पादन विभागाचे प्रमुख. अंगदचे साहेब. ज्यांच्याकडून त्याने माझ्या नवसासाठी सुट्टी घेतली होती ते.

सर बोलत राहिले. मालकांनी कसं फसवलं. पेढे कसे शिळे होते. नव्या लोकांना मराठवाड्याची माती कशी कळत नाही. मधे मधे बाईंचा आवाज यायचा, "हो सर", "बरं सर", आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा लहान व्हायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "मी कंपनीशी बोलून कळवते." मी साहित्याचा विद्यार्थी आहे. या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला.

फोन बंद झाला. सर गाडीतून उतरले, आळस दिला आणि वळले. समोर अंगद.

मी नारळवाल्याकडे बघत राहिलो.

"दर्शन झालं का सर?" अंगदने विचारलं.

"व्हायचंय. तुझं?"

"व्हायचंय."

"बरं." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "नवसवाला हाच का?"

"हाच, सर."

"कसला नवस?" सरांनी मला विचारलं.

मी अंगदकडे पाहिलं.

"जालन्याहून अनवाणी चालत यायचा," अंगद म्हणाला.

"मग हा गाडीतून कसा आलाय?"

"आज फक्त देवाला सांगायला आलाय, सर."

सर काही बोलणार इतक्यात अंगदचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर जान्हवी यांचं नाव ठळक उमटलं. ते आम्हा तिघांनाही वाचता आलं.

मला वाटलं, आता हा फोन कापेल. सरांच्या समोर कसा बोलेल? आणि नाही बोलला तर नोकरी गेली. अंगदने सरांकडे पाहिलं. मग आम्ही गाडीत शिरलो; त्याने फोन समोरच्या काचेला टेकवून ठेवला आणि तो सीटवर ताठ बसला.

"नमस्कार मॅडम."

सर तिथेच उभे राहिले. खिडकीच्या जरा बाजूला, बाईंना दिसणार नाहीत असे. हाताची घडी घालून.

जान्हवी हसतमुख होत्या. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही आंदण म्हणालात. आज सरळ सांगा. काय चाललंय आणि तुम्ही आत्ताच का बाहेर बघताय?"

अंगदने घसा साफ केला.

"मॅडम, आमच्या कंपनीला हैदराबादची कंपनी घेऊन राह्यली. ते जाहीर झालंय, पेपरातही आलंय. व्यवहार अजून पुरा झालेला न्हाई, मंजुऱ्या राह्यल्यात. तवर आमचं काम जसं होतं तसंच चालू आहे. पगार वेळेवर आहे. मला कुणी काढलेलं न्हाई आन् जा असंही म्हणलेलं न्हाई."

"मग घाई कशाची?"

"घाई न्हाई. पण त्यांचं बियाण्याचं काम तेलंगणात आहे आन् तिथं त्यांची चांगली टीम आहे. एका प्लॉटवर दोन इन्चार्ज कुणी ठेवत न्हाई, मी पण ठेवणार न्हाई. माझं काम एक तर तिकडं जाईल न्हाई तर कमी होईल. त्यांचं ठरायच्या आधी मी माझं ठरवून राह्यलो. मला याच भागात काम करायचंय. इथले शेतकरी मला वळखतात. आन् माझी बायको इथं शिक्षिका आहे, ते पण कारण आहे. लपवत न्हाई."

मी श्वास सोडला. खिडकीबाहेर सरांनी हाताची घडी सोडली.

"छान," बाई म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवे मालक कुठले वाण ठेवणार आणि कुठले बंद करणार, काही कानावर?"

"कानावर बरंच येतं, मॅडम. पण ते सांगता येत न्हाई. उद्या तुमच्याकडच्या कंपनीत आलो तर त्यांचंही असंच कुणाला सांगणार न्हाई."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. सरांनी आकाशाकडे पाहिलं. सरांनी त्यांना काय काय सांगितलं होतं, ते आता सरांना आठवत असावं.

"आणि समजा, नव्या मालकांनी थांबण्यासाठी जादा पैसे देऊ केले? आमची ऑफर घेऊन ऐन वेळी तुम्ही मागे फिराल का? आमचा हाच अनुभव असतो."

"पैसे दिले तरी गाव हैदराबादच राहील ना, मॅडम."

त्या हसल्या. "शेवटचं. तुमच्या साहेबांशी कसं जमतं? खरं सांगा. पुष्कळ लोक कंपनीचं नाव सांगतात आणि साहेबाला कंटाळून निघतात."

मी खिडकीकडे बघायचं टाळलं. अंगदने टाळलं नाही. त्याने सरांकडे सरळ पाहिलं.

"साहेब ओरडतात," तो म्हणाला. सरांच्या भुवया वर गेल्या. "पण एकदा माझ्या प्लॉटमधी दुसरे परागकण येऊन भेसळ झाली. सगळा लॉट नापास झाला. चूक माझी होती, शेजारच्या शेतातली कपाशी मी बराबर तपासली न्हवती. वर साहेबांनी सांगितलं की चूक विभागाची आहे. मला खोलीत घेऊन लई ओरडले, पण वर माझं नाव सांगितलं न्हाई. अशा साहेबाला सोडून जायला कुणी आनंदानं जात न्हाई."

सर खिडकीपासून दोन पावलं दूर गेले. नारळवाल्याने त्यांना विचारलं, देऊ का. ते हो म्हणाले. मग पुन्हा हो म्हणाले. त्याने दोन नारळ दिले.

"कधी येऊ शकाल?" बाई विचारत होत्या. "त्यांना एका महिन्यात माणूस हवाय."

"नियमानं दोन महिने आहेत. आन् कपाशीचं क्रॉसिंग चालू आहे. ते मधी सोडून आलो तर तुम्हीच म्हणाल, आमचंही असंच सोडेल."

"एका महिन्यात जमणार नाही?"

दोन्ही हातांत नारळ घेतलेले सर परत खिडकीशी आले होते. त्यांनी एक नारळ वर केला. मग जोरात मान डोलावली. एक.

अंगद गोंधळला. "साहेब सोडतील, असं वाटतं. एका महिन्यात."

"म्हणजे तुमच्या साहेबांना माहीत आहे, तुम्ही बाहेर बघताय?"

"आत्ताच कळलं त्यांना."

"आत्ताच?"

बाई थोड्या पुढे झुकल्या. त्या अंगदकडे बघत नव्हत्या. त्याच्या मागच्या खिडकीतून काय दिसत होतं ते बघत होत्या.

"एक विचारू? तुमच्या मागे तो कळस दिसतोय. कुठल्या देवळाचा?"

"राजूरच्या गणपतीचा, मॅडम."

"आज सकाळपासून मी तो दुसऱ्यांदा बघतेय."

खिडकीबाहेर सरांनी वर केलेला नारळ खाली घेतला.

"मोठा गणपती आहे, मॅडम," अंगद म्हणाला. "लई लोक येतात."

जान्हवी यांनी एकदम कॅमेरा बंद केला. आवाज चालू राहिला होता. त्या हसत होत्या. मग परत दिसल्या तेव्हा चेहरा अगदी सरळ होता. "मी कुणाचं नाव कुणाला सांगत नाही, अंगदजी. तुमचंही नाही सांगणार. मी तुमचं पुढे पाठवते. जालन्याच्या ऑफिसातून भेटीसाठी फोन येईल."

कॉल संपला. सरांनी एक नारळ अंगदच्या मांडीवर ठेवला.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"काय सर? नोकरी बघून राह्यलो ते?"

"ते नाही रे. कसं बोलायचं ते. माझा कॉल तुझ्याआधी होता."

अंगदने माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं शिकवलं सर." सरांनी माझ्याकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं. मी खिशातल्या कागदावर हात ठेवला.

"उद्या ऑफिसात," सर म्हणाले, "आपण भेटलेलो नाही."

"भेटलो की. देवळात, दर्शनाला."

"आपण देवळात भेटलेलो नाही, अंगद. पार्किंगमध्ये भेटलोय."

"ते खरं करता येतं, सर."

म्हणून आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो. सरांनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. स्वतःसाठी चौकट मागितली असावी. अंगद मोठ्याने बोलला, देवाला आणि सरांना दोघांनाही ऐकू जावं असं. "बाप्पा, मला जालन्यात नोकरी लागू दे. लागली तर हा शौनक जालन्याहून अनवाणी चालत येईल."

मी म्हणालो, "अरे..."

पुजाऱ्याने माझ्या हातावर खोबरं ठेवलं. पावती झाली.

दसऱ्यानंतर अंगदचा फोन आला. मी वर्गात होतो. त्याने एवढंच म्हटलं, "लागलं. चपला काढून ठेव."

भालचंद्र सरांनी त्याला खरंच एका महिन्यात सोडलं, कपाशीचं क्रॉसिंग उरकल्यावर. स्वतः मात्र गेले नाहीत. पक्की आखणी आली तेव्हा त्यांचं नाव एका चौकटीत होतं, तीही वरच्या. आता हैदराबादच्या लोकांसोबत बसून तेच इथल्या माणसांना सांगतात की काहीही बदलणार नाही. पेढे मात्र ताजे आणतात.

आणि मी चाललो. नव्या नोकरीतल्या पहिल्या चतुर्थीला, पहाटे जालन्याहून. वाटेत माझ्यासारखे पुष्कळ होते. पण त्यांचा नवस त्यांनी स्वतः केला होता. अंगद मोटारसायकलवर माझ्या शेजारून, पहिल्या गियरमध्ये. त्याच्याकडे पाण्याची बाटली, केळी आणि माझ्या चपला. मी म्हणालो, निदान उतर आणि बरोबर चाल. तो म्हणाला, "नवस तुझा आहे. मी मधी आलो तर तो फिटायचा न्हाई."

अर्ध्या वाटेत मी एका पुलाच्या कठड्यावर बसलो. पायाच्या तळव्यांना खडी टोचून टोचून माझी भाषा संपली होती. अंगदने केळं सोलून दिलं. तेव्हा मला सुचलं.

"आज तुझी सुट्टी कशी? नव्या साहेबांना काय सांगितलंस?"

तो पहिल्यांदाच जरा पडलेल्या चेहऱ्याने बसला.

"खरं सांगितलं. पहिल्या झटक्यात खरं. म्हणलं, सर, मित्राला नवस फेडायला राजूरला न्यायचंय."

"मग?"

"ते हसले. म्हणाले, इतक्या लवकर? कुठल्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे?"